पोटावरचे सोळा तास

२२ एप्रिल २०२१, गुरुवार

संध्याकाळी सात वाजता रुग्णवाहिकेतून उतरवलेल्या माणसाच्या कागदावर गाव वाचलं: धसई. मग चेहरा पाहिला. आमच्याच आळीतले काका. नळी, टेप आणि सुजेमुळे आधी ओळखूच आले नाहीत. वय ५४, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ८२ किलो. १३ तारखेला ताप, १९ ला धाप, काल रात्रीपासून व्हेंटिलेटरवर. आधीच्या रुग्णालयात ऑक्सिजन पुरेना म्हणून इकडे कल्याणला पाठवलं.

यंत्र दर श्वासाला ५०० मिली हवा ढकलत होतं. श्वास आत गेल्यावर क्षणभर रोखून फुप्फुसातला दाब मोजला, तो ३६ सेंटिमीटर पाणी. आम्ही ३० च्या वर जाऊ देत नाही. ५०० हा आकडा बहुधा वजनाकडे बघून लावला असावा. पण माणूस जाड झाला म्हणून त्याचं फुप्फुस मोठं होत नाही, ते उंचीच्या मापाचं असतं. पुरुषासाठी उंचीतून १५२.४ वजा करायचे, उरेल त्याला ०.९१ ने गुणायचं आणि त्यात ५० मिळवायचे. काकांचे साडेएकसष्ट किलो झाले. किलोमागे ६ मिली धरून ३७० मिलीचा श्वास लावला. दाब ३० वर आला.

श्वास लहान केला की कार्बन डायऑक्साइड साठतो. रक्ताचा पीएच ७.२७ झाला. तो चालवून घेतला आणि श्वासांची संख्या मिनिटाला २८ केली. २००० सालच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत किलोमागे १२ मिलीऐवजी ६ मिली दिल्यावर मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर आले होते. औषध एकही नवं नव्हतं, फक्त हवा कमी दिली होती.

२३ एप्रिल, शुक्रवार, सकाळ

रात्रभर सुधारणा नाही. आता याला एआरडीएस म्हणायचं का, हे कागदावर नीट लिहिलं. २०१२ मध्ये ठरलेल्या बर्लिन व्याख्येत चार गोष्टी बघतात. त्रास सुरू होऊन आठवड्याच्या आत अवस्था बिघडली का? धाप १९ ला, आज २३, म्हणजे हो. एक्स-रेमध्ये दोन्ही बाजू पांढऱ्या आहेत का? आहेत, आणि नुसतं छातीत साचलेलं पाणी किंवा बसलेलं फुप्फुस म्हणून तो पांढरेपणा उलगडत नाही. हे सगळं हृदयाच्या कमजोरीमुळे किंवा सलाइन जास्त गेल्यामुळे झालं असेल का? इको केला, हृदय चांगलं दाबतंय, लघवीही व्यवस्थित होते आहे. या तिसऱ्या प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण हृदयाच्या रोग्याची छातीही अशीच पांढरी दिसते आणि त्याचे उपचार अगदी वेगळे असतात.

चौथी गोष्ट हिशेबाची. धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब ६२ मिलिमीटर आणि आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन ८० टक्के. ६२ भागिले ०.८, म्हणजे ७८. हवा फक्त २१ टक्के ऑक्सिजनची असली तरी तुमचंआमचं हेच गुणोत्तर साडेचारशेच्या आसपास येतं. ३०० पर्यंत सौम्य, २०० पर्यंत मध्यम, १०० किंवा खाली तीव्र. हे मोजताना श्वास सोडल्यावरही फुप्फुसात किमान ५ सेंटिमीटर दाब राखलेला असायला हवा, नाहीतर दोन रोग्यांची तुलनाच होत नाही. काकांना आम्ही १२ ठेवला आहे.

आता कडकपणा. ३० मधून ते १२ वजा केले की १८ उरतात. ३७० मिली हवा भरायला १८ चा दाब, म्हणजे एका सेंटिमीटरला जेमतेम २० मिली. भुलेखालच्या निरोगी माणसात हा आकडा पन्नासच्या पुढे असतो. शिकताना मला वाटायचं की अशा रोग्याचं सगळं फुप्फुस चामड्यासारखं घट्ट होत असेल. इटलीतल्या लुचानो गातिनोनींनी सीटी स्कॅन करून वेगळंच दाखवलं. उताण्या रोग्याचं पाठीकडचं फुप्फुस पाण्याने आणि दाबाने मिटलेलं असतं, पुढचं थोडंसं उघडं असतं आणि ते बरंचसं नरमच असतं. मोठ्या माणसाच्या छातीत हवेला लहान मुलाच्या फुप्फुसाएवढीच जागा उरते. ५०० मिली हवा त्या एवढ्याशा तुकड्यात शिरत होती. उघडा राहिलेला भाग फाटतो तो असा.

दुपारी चारला पालथं घालायचं ठरवलं. गुणोत्तर १५० च्या खाली आणि ऑक्सिजन ६० टक्के किंवा जास्त, असे रोगी यासाठी निवडतात. मणक्याला मार नाही, डोक्यातला दाब वाढलेला नाही, पोटाची ताजी शस्त्रक्रिया नाही, नळीतून भळाभळा रक्त येत नाही. हे सगळं बघून घेतलं.

त्याच दिवशी, रात्र

सहा जण लागले. पीपीईमध्ये सगळे घामाने निथळत होते. तासभर आधी नाकातल्या नळीचं दूध थांबवून पोट रिकामं केलं. डोळ्यांत मलम घालून पापण्या टेपने बंद केल्या. श्वासनळीतला चिकटा ओढून घेतला, ऑक्सिजन १०० टक्के केला, झोपेचं आणि स्नायू सैल करणारं औषध चालूच होतं. छातीवरचे ईसीजीचे बिल्ले काढले, ते पाठीवर लावायचे. काकांच्या अंगावर छाती आणि ओटीपोटाच्या जागी उशा ठेवल्या, वरून चादर घातली आणि खालच्या-वरच्या चादरींच्या कडा एकत्र गुंडाळत अंगाशी घट्ट आणल्या. आधी सरकवून खाटेच्या कडेला, मग कुशीवर, मग पोटावर.

डोक्याशी मी होते. तिथल्या माणसाने दुसरं काही करायचं नाही, दोन्ही हातांनी नळी धरायची आणि मोजणी म्हणायची. ओठापाशी नळीवर २२ चा आकडा होता. वळवल्यावर तो २२ च आहे ना, हे पहिल्यांदा पाहिलं. पोट उशांच्या मध्ये मोकळं राहिलं. तोंड उजवीकडे, उजवा हात वर, डावा अंगालगत, पोहणाऱ्या माणसासारखा. दर दोन तासांनी तोंड आणि हात बदलायचे, नाहीतर गाल सडतो आणि खांद्यातली नस ताणली जाते.

पहिल्या तासाला गुणोत्तर ९२ च होतं. सिस्टरचा चेहरा पडला. रात्री साडेआठला १३७ झालं. ऑक्सिजन ७० वर आणला.

२४ एप्रिल, शनिवार

सकाळी आठला सोळा तास भरले. गुणोत्तर १८०, ऑक्सिजन ६० टक्के, आणि मला जास्त समाधान देणारा आकडा म्हणजे दाब २७. तेवढ्याच हवेला १८ ऐवजी १५ लागले.

नाशिकला बुधवारी टाकीतून ऑक्सिजन गळून व्हेंटिलेटरवरची माणसं गेली. तेव्हापासून ८० वरून ६० म्हणजे इथल्या टाकीतलं किती वाचलं, हेही डोक्यात येतं.

काकांच्या मुलाचा फोन आला.

“ताई, बाबांना पालथं कशाला निजवलंय? आईला कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून ती रडतेय.”

त्याला म्हटलं, “दादा, ओल्या भाताच्या गोण्यांची थप्पी लावलीस तर खालच्या गोणीचं काय होतं?”

“दबते. वाफ धरते.”

“बाबांचं फुप्फुस तसं ओलं झालंय. उताणे असले की पाठीकडचा भाग खाली दबतो, वरून हृदय बसतं, पोट मागून पडद्याला ढकलतं. पाठीकडेच फुप्फुस सगळ्यात जास्त असतं. पालथं केलं की तो मोठा भाग वर येतो आणि उघडतो.”

“मग पुढचा भाग दबेल ना?”

प्रश्न अगदी बरोबर होता. दबतो, पण तो लहान असतो, आणि हृदय त्याच्याऐवजी छातीच्या हाडावर टेकतं. शिवाय रक्त कुठे जातं हे महत्त्वाचं. माणूस पालथा केला तरी फुप्फुसातलं बरंचसं रक्त पाठीकडेच वाहत राहतं, कारण तिथल्या रक्तवाहिन्यांची रचनाच तशी आहे. कालपर्यंत ते रक्त मिटलेल्या कप्प्यांवरून ऑक्सिजन न घेताच परत जात होतं. आता तिथे हवा पोहोचली. आणखी एक, खाटेवर टेकल्याने छातीची पुढची भिंत फार फुगू शकत नाही, म्हणून हवा एकाच जागी न घुसता सगळीकडे सारखी पसरते.

“आईला सांगतो,” म्हणाला. राब भाजायचे राहिलेत, तेही त्यानेच सांगितलं.

दुपारी बारा. उताणं केल्यावर चार तासांनी गुणोत्तर १३०. दीडशे टिकले नाहीत, म्हणून चारला पुन्हा पालथं.

२५ एप्रिल, रविवार

पाच नंबरच्या खाटेवरचे आजोबा पहाटे गेले. पालथं घातल्यावर त्यांचं बोटावरचं ऑक्सिमीटर ८८ वरून ९६ झालं होतं आणि आम्ही सगळे खूश झालो होतो. मूत्रपिंड बंद पडलं, मग रक्तदाब.

आकडा चढणं आणि माणूस जगणं या दोन गोष्टी आहेत. फ्रान्समधल्या क्लोद गेरँ यांच्या २०१३ च्या चाचणीत ४६६ रोगी होते. लवकर आणि किमान सोळा तास पालथं घातलेल्यांत २८ दिवसांत १६ टक्के गेले, उताण्यांत जवळपास ३३. मागाहून तपासलं तर ज्यांचा ऑक्सिजन फारसा चढला नव्हता त्यांनाही फायदा झालेला होता. फुप्फुस यंत्राच्या दाबाने फाटणं कमी होतं, हे मला त्याचं खरं कारण वाटतं. म्हणूनच पहिल्या तासाला ९२ बघून परत उताणं करायचं नसतं. २००१ मध्ये दिवसाला साधारण सात तास पालथं घालून पाहिलं होतं. ऑक्सिजन वाढला, मृत्यू घटले नाहीत.

२६ एप्रिल, सोमवार

तिसरी फेरी आज सकाळी आठला संपली. काकांच्या हनुवटीवर रुपयाएवढा फोड. रात्री एकदा डोकं फिरवायला तीन तास झाले होते, कारण दोन खाटांवर एकाच वेळी गडबड होती. ती चूक माझ्या पाळीतली.

उताणं करून चार तास झाले. ऑक्सिजन ५० टक्के, श्वास सोडतानाचा दाब १०, धमनीतला ऑक्सिजन ८४, गुणोत्तर १६८. आता पालथं घालायची गरज नाही.

गावातून तीन फोन आले: ऑक्सिमीटरवर ९२ दिसतंय, आम्हीही पालथं झोपू का? केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने गेल्या आठवड्यात ९४ च्या खाली असणाऱ्यांना घरी तसं सांगितलंय. सगळ्यांना तेच सांगितलं. झोपा, पण जेवून तासभर गेल्यावर. गरोदर बाईने नाही, पायात रक्ताची गुठळी होऊन नुकते उपचार झाले असतील त्याने नाही. आणि ९२ असेल तर झोपण्याबरोबरच मुरबाडची गाडी बघा, घरी थांबू नका.

४ मे, मंगळवार

काकांची नळी काढली. पहिला शब्द घोगरा होता, मला वाटलं पाणी मागतायत. “राब,” म्हणाले.

१५ मे, शनिवार

काका धसईला गेले. खोलीच्या हवेवर ९३, दहा पावलांत धाप, उजवा हात अजून खांद्यापर्यंतच उचलतो, हनुवटीवर डाग. त्यांच्या खाटेवर सकाळी एक बाई आल्या. गुणोत्तर ११०. चारला पालथं घालणार आहोत. आज डोकं फिरवण्याच्या वेळा खाटेच्या कडेला मोठ्या अक्षरात लिहून चिकटवल्या आहेत: सहा, आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा.