दोन तारा आणि एक आडवी दांडी

प्रश्न साधा दिसतो. छताला दोन तारा टांगल्या आहेत, एक पोलादाची, दुसरी तांब्याची. दोन्ही २ मीटर लांब आणि १ मिलिमीटर जाड. खालच्या टोकांना मीटरभर लांबीची, न वाकणारी आडवी दांडी बांधली आहे. दांडीचे स्वतःचे वजन बाजूला ठेवू. बरोबर मध्यावर १० किलोचे वजन अडकवले, तर जास्त भार कोणती तार उचलते?

पदार्थविज्ञानाच्या तोंडी परीक्षेत हमखास येणारे उत्तर म्हणजे “पोलादाची, कारण पोलाद जास्त मजबूत.” प्रस्तुत लेखक अनेक वर्षे प्रयोगशाळेत शिकवत आला आहे. संपादकांनी विषय विचारताच त्याला हेच उत्तर आठवले, कारण ते देणारी मुले हुशार असतात आणि चूक दाखवली तरी त्यांना मनापासून पटत नाही.

खरे उत्तर असे, की दोन्ही तारा ५-५ किलो उचलतात. दोघांनी बांबूच्या टोकांना खांदा देऊन मध्ये घागर टांगली, तर एक पहिलवान आणि दुसरा किरकोळ अंगाचा असला तरी ओझे निम्मे-निम्मेच पडते. घागर सरकली की मात्र वाटणी बदलते. इथेही तेच. वजन पोलादाच्या तारेपासून २५ सेंटिमीटरवर आणले, तर पोलादाकडे साडेसात किलो जातात, तांब्याकडे अडीच. ही वाटणी फक्त अंतरे ठरवतात. तार कशाची आहे हे या हिशेबात कुठेच येत नाही.

मग पोलाद आणि तांबे यांतला फरक जातो कुठे? तो दांडीच्या झुकण्यात दिसतो. ताणाला दाद न देण्याच्या गुणाचे माप म्हणजे यंग गुणांक. पोलादाचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल, तांब्याचा सुमारे १२०. त्यामुळे ५ किलोखाली पोलादाची तार ०.६२ मिलिमीटर लांबते आणि तांब्याची १.०४. दांडीचे तांब्याकडचे टोक ०.४ मिलिमीटरने खाली जाते. डोळ्यांना हे कळणार नाही, पण चांगल्या स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा ते लगेच दाखवतो.

दांडी आडवीच राहावी असे वाटत असेल, तर वजन पोलादाकडे सरकवायला हवे. दोन्ही तारा सारख्याच लांबायच्या तर भार गुणांकांच्या प्रमाणात, म्हणजे ५ला ३ असा, वाटला गेला पाहिजे. ती जागा पोलादापासून ३७.५ सेंटिमीटरवर येते. तिथे पोलादावर सव्वासहा किलो, तांब्यावर पावणेचार, आणि दोन्ही तारा ०.७८ मिलिमीटर लांबतात. वजन याहून पोलादाच्या जवळ नेले की दांडी उलट्या बाजूला, पोलादाकडे, झुकते. म्हणजे पोलाद जास्त भार घेते हे खरे ठरते, पण दांडी आडवी ठेवायची अट घातली तरच. परीक्षेत मुले ही अट नकळत गृहीत धरतात, आणि काही मार्गदर्शिकाही ती न सांगताच गणित सोडवतात. लेखकाचा राग त्या मार्गदर्शिकांवर आहे.

त्याच दांडीला तिसरी तार लावली की चित्र पालटते. मध्ये पोलाद, दोन्ही कडांना तांबे, वजन मध्यावर. आता दांडी आडवीच उतरते, तिन्ही तारांना सारखेच लांबावे लागते, आणि केवळ अंतरांवरून वाटणी निघत नाही. ती गुणांकांवरून काढावी लागते: पोलादावर साधारण साडेचार किलो, प्रत्येक तांब्यावर पावणेतीनच्या जरा खाली.

तापमान वाढवले की दोन्ही मांडण्यांतला भेद स्पष्ट दिसतो. तांबे पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते. दोन तारांच्या मांडणीत हवा १० अंशांनी तापली, तर तांब्याचे टोक आणखी ०.१ मिलिमीटर उतरते, पण भार जराही बदलत नाही. तीन तारांच्या मांडणीत दांडी झुकू शकत नाही, म्हणून तांबे सैलावते आणि पोलादावरचा भार वाढून जवळजवळ ५ किलो होतो. वजनाला मात्र कोणी हात लावलेला नसतो!

प्रयोगशाळेतल्या सर्लच्या उपकरणात शेजारच्या दोन तारा एकाच धातूच्या घेतात त्या याचसाठी. उष्णतेने दोन्ही सारख्याच वाढतात आणि बुडबुडा फक्त जास्तीच्या वजनामुळे झालेली वाढ दाखवतो.

हा प्रयोग करून पाहणाऱ्याने तांब्याची तार ओढून कडक केलेली घ्यावी. तापवून मऊ केलेल्या तांब्याचाही गुणांक जवळपास तेवढाच असतो, पण ५ किलोखाली या जाडीच्या तारेत सुमारे ६२ मेगापास्कल ताण येतो आणि मऊ तांबे तेवढ्यात कायमचे लांबू शकते. ते ओळखायची रीत सोपी आहे. वजन काढून बुडबुडा पुन्हा पाहायचा. तो मूळ जागी परतला नाही, तर तार स्थितिस्थापक मर्यादेपलीकडे गेली आहे आणि वरचे आकडे त्या तारेला लागू नाहीत.