मोडलेला दांडा

माजलगावच्या धरणाचे काम चालू होते तेव्हाची गोष्ट. सिंदफणेवरचे हे धरण जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्यातले. ते १९८७ साली पुरे झाले. त्याच्या आधी काही वर्षे मी तिथल्या एका ठेकेदाराकडे हत्यारांच्या कोठीवर कारकून होतो. कोठी म्हणजे पत्र्याची खोली, दारात टेबल आणि टेबलावर लाल पुठ्ठ्याची लांबडी वही.

वहीत रकाने सात. तारीख, मजुराचे नाव, हत्यार, त्याचा नंबर, नेताना अंगठा, परत आल्याची खूण आणि शेवटी शेरा. प्रत्येक कुदळीवर छिन्नीने नंबर ठोकलेला. सकाळी नंबर बघून द्यायची, संध्याकाळी तोच नंबर बघून घ्यायची. शेऱ्यात तीनच शब्द चालायचे: ठीक, मोडले, हरवले. ज्याच्या नावापुढे ‘मोडले’ त्याच्या पगारातून किंमत कापायची, असा मालकाचा हुकूम.

त्या वर्षी वडवणीकडचा एक गडी कामावर होता. अंगाने शेलाटा, पण खोदायला वाघ. कठीण मुरूम लागला की मुकादम त्यालाच पुढे घालायचा. दसऱ्यापर्यंत त्याच्या नावापुढे तीन वेळा ‘मोडले’ लागले. तिन्ही वेळा कुदळीचा दांडाच, नेढ्यापाशी चिरलेला.

“भाऊ, दांडा मह्याच हातात मोडतो, त्याला मी काय करू?” तो म्हणाला.

“वहीत तुझाच अंगठा आहे,” मी म्हणालो. तीन दांड्यांपायी त्याची जवळजवळ दोन दिवसांची मजुरी गेली. दिवाळी झाली आणि तो बायकोपोरांसकट उसाच्या तोडीला निघून गेला.

तो गेला, पण दांडे मोडायचे थांबेनात. मार्गशीर्षात एकाच आठवड्यात चार मोडले, चार वेगळ्या माणसांच्या हातात. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी रात्री कंदील घेऊन बसलो आणि वही नावाने न वाचता दांड्याने वाचायला लागलो. नशिबाने मला एक सवय होती: नवा दांडा बसवला की त्या तारखेला कुदळीच्या नंबराशी लाल शाईने टिंब द्यायचे.

श्रावणात बाभळीचे तीस दांडे आले होते. त्यातले अकरा मोडले होते. जुने दांडे छत्तीस, त्यातले दोनच. आणि त्या गड्याचे तिन्ही या अकरांतले. पहिला मोडला तेव्हा मीच त्याला त्याच ढिगातला दुसरा दिला, दुसरा मोडला तेव्हा तिसरा. आडातच नव्हते ते पोहऱ्यात कुठून येणार?

कोठीत उरलेले दोन दांडे मी हातात घेतले, एकमेकांवर आपटले. वाळलेले लाकूड खणखणते. हे बद्द वाजले. लाकूड ओलेच तासले होते. ओला दांडा पावसाळ्यात नेढ्यात घट्ट बसतो. दसऱ्याच्या उन्हात तो वाळून आखडतो, कुदळ हलू लागते आणि प्रत्येक घाव नेढ्याच्या कडेवर बसतो. मजूर रात्री कुदळ पाण्यात घालून ठेवायचे. त्याने लाकूड फुगते खरे, पण लोखंडाच्या आत दबून चेंगरते आणि वाळल्यावर आधीपेक्षा सैल होते. शेवटी तिथूनच उभी चीर जाते. जो जास्त जोराने खोदतो त्याचा दांडा आधी जातो. म्हणजे माझ्या वहीत सर्वांत वाईट दिसणारा माणूस हा सर्वांत जास्त काम करणारा होता.

मजुरी देण्याबाबतचा १९३६ चा तेव्हाचा कायदाही हेच सांगत होता, हे मला नंतर कळले. सोपवलेली वस्तू मजुराच्या हयगयीनेच बिघडली असेल तरच कपात, आणि तीही त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावर. वही फक्त हत्यार कुणाच्या हातात होते एवढेच सांगते. का मोडले, ते मोडलेला तुकडा सांगतो, आणि तो तर मी चुलीत घालत होतो.

मी आठवा रकाना आखला: दांडा कधीचा, कुठे मोडला. मोडका तुकडा परत आणल्याशिवाय नवा द्यायचा नाही, असे ठरवले. मालकाने उरलेले दांडे सावलीत सहा महिने वाळत ठेवायला होकार दिला. कापलेले पैसे मात्र परत द्यायला तयार झाला नाही. “गेला तो गेला,” म्हणाला.

अक्षय्यतृतीयेच्या सुमारास गडी परत आला. मी माझ्या खिशातून त्याचे पैसे काढून टेबलावर ठेवले. त्याने मोजले नाहीत. वहीकडे बोट करून म्हणाला, “भाऊ, तिथलं आधी खोडा.”

मी तिन्ही ठिकाणी ‘मोडले’ खोडले आणि शेजारी लिहिले: लाकूड ओले. त्याला वाचता येत नव्हते, म्हणून वाचून दाखवले. मग त्याने पैसे उचलले आणि कुदळीसाठी अंगठा पुढे केला.