फोटोतली खुर्ची

कराडहून मावसभावाचा, म्हणजे दादाचा, फोटो आला आणि खाली एवढंच लिहिलेलं: "शेजारच्यांकडची व्हीलचेअर मिळतेय, फुकट. आईला चालेल ना?" मावशीचं खुब्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात दोन वर्षं हे सगळं सामान घरात होतं, त्यामुळे असले फोटो नातेवाईक मलाच पाठवतात.

मी आधी चाकं बघते. मागची दोन चाकं मोठी आणि त्यांना हाताने फिरवायची बाहेरची कडी असेल, तर बसलेला माणूस स्वतः खुर्ची हलवू शकतो. इथे चारही चाकं तळहाताएवढी होती. म्हणजे ढकलायला कुणीतरी हवंच, शिवाय असली चाकं साध्या उंबरठ्यावरही अडतात. बैठकीवर टॉवेल पसरलेला होता. तो काढून परत फोटो पाठवायला सांगितला. दुसऱ्या फोटोत रेक्झिनची गादी अलगद उचललेली, खाली भोक, आणि भोकाखाली मागून सरकवायचं प्लॅस्टिकचं भांडं. ही कमोड खुर्ची होती. मला उलट बरं वाटलं. मावशी घरातल्या घरात वॉकर धरून चार पावलं टाकत होती. तिची खरी अडचण बाथरूमचीच होती.

मग वजन. मावशीचं म्हणणं, "माझं ऐंशी आहे." हे ऐंशी ती माझ्या लग्नापासून सांगते आहे. ऑपरेशनच्या पायावर भार द्यायचा नसल्यामुळे तिला काट्यावर उभं करणं शक्य नव्हतं. पण भूल देण्याआधी वजन लिहून घेतात, तेव्हा दादाला फाइल चाळायला सांगितली. निघालं ब्याण्णव.

खुर्ची किती किलो पेलते ते स्टिकरवर असतं. बहुतेकदा बैठकीखालच्या पाइपवर किंवा पाठीमागे. दादाने बॅटरी लावून शोधलं. अर्धं फाटलेलं स्टिकर, त्यावर फक्त "१००" उरलेलं. किलो, की मॉडेलचा आकडा? त्याने इंटरनेटवर हुबेहूब दिसणारी खुर्ची शोधून काढली, तिथे शंभर किलो लिहिलं होतं. मी आणखी शोधलं तर तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या खुर्चीखाली ऐंशी होतं. पाइपची जाडी फोटोत कळत नाही, रंगाखालची तर नाहीच. आणि समजा शंभर खरं धरलं, तरी हिशेब फक्त शांत बसलेल्या माणसाचा नसतो. खुबा दुखत असला की माणूस हळूहळू बसत नाही, शेवटची वीत धपकन बसतो. उठताना सगळा जोर एकाच हातावर देतो. जुन्या खुर्चीला आठ किलोची सवलत मला पुरेशी वाटेना. त्यात हाताच्या दांडीच्या जोडाजवळ रंग फुगून तपकिरी रेघ आली होती. गंज वरवरचा आहे की जोडाला तडा गेलाय, हे फोटो कितीही मोठा केला तरी दिसत नाही.

दादा नाराज झाला. "बसून तर बघू दे," म्हणाला. मी म्हटलं, आधी टेप घे.

मावशीला कडक खुर्चीवर बसवून दोन्ही कुल्ल्यांना चिकटून एकेक जाड पुस्तक उभं धरायचं आणि दोन पुस्तकांमधलं अंतर मोजायचं. ते ४३ सेंटिमीटर भरलं. हातांच्या दांड्यांमधली जागा ४६ होती. दोन्ही बाजूंना मिळून तीन सेंटिमीटर मोकळे, थोडं घट्ट, पण चालण्यासारखं. गुडघ्याच्या मागच्या खळग्यापासून जमिनीपर्यंत, चपलेसकट, ४२. खुर्चीची बैठक ५१. खुब्यानंतर बैठक गुडघ्यापेक्षा जरा उंच हवी हे खरं, पण नऊ सेंटिमीटर जास्त म्हणजे पाय लोंबकळणार आणि उठताना जमिनीचा आधारच मिळणार नाही.

बाथरूमच्या दाराचं माप दादाने चौकटीपासून चौकटीपर्यंत घेतलं, ६१. खुर्चीची बाहेरची रुंदी ५६. तो खूश झाला. पण त्यांच्या घरचं दार आत उघडतं आणि मागे गिझरचा नळ असल्यामुळे पूर्ण मागे जात नाही. दार उघडं ठेवून फळीच्या कडेपासून पलीकडच्या चौकटीपर्यंत मोजायला लावलं तर हातात ५४ राहिले. तिथे मात्र वाद मिटला.

शेवटी गावातल्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून अनामत भरून दुसरी खुर्ची आणली. तिच्या पाठीवर १२० किलोचं स्टिकर शाबूत होतं, बाहेरची रुंदी ५२, आणि पायांच्या नळ्यांना भोकं असल्यामुळे उंची ४५ वर आणता आली. चारही पायांच्या खिट्ट्या एकाच भोकात बसल्यात का ते दादाने मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. एक चुकली होती.

मावशी बसली, मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक स्वतः वाकून बघायला निघाली, तेव्हा मीच ओरडले: खुब्यानंतर तसं वाकायचं नसतं. "मग बघणार कोण?" तिने विचारलं. दादाने बघितले.