खिंडीचे कागद

गणपती महिन्यावर आले की आमच्या चाळीत कामं वाटली जायची. कुणाकडे मखर, कुणाकडे वर्गणीची पावतीपुस्तकं, कुणाकडे नाटकाच्या तालमी. आमच्या खोलीकडे मात्र पिढीजात एकच काम होतं: निवेदन. आधी आप्पांनी केलं, मग काकांनी, मग आम्हा भावंडांनी आळीपाळीने.

तयारीची सुरुवात रद्दीतून व्हायची. आई वर्षभरातल्या लग्नपत्रिका जपून ठेवायची. त्यांची कोरी पाठ म्हणजे आमचं निवेदनाचं कार्ड. वहीचं पान चालायचं नाही. मंडपातल्या पंख्याने ते फडफडायचं आणि फडफड माइकमधून शेवटच्या सतरंजीपर्यंत ऐकू जायची. पत्रिका जाड. हातात गप्प बसायची. एका कार्डावर एकच बाब, वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने क्रमांक. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, व्याख्यान, आभार. सत्काराच्या कार्डावर ‘यांच्या हस्ते’पुढे नेहमी दोन नावं. पहिले गृहस्थ नेमके तेव्हाच पान खायला गेलेले असायचे.

वक्त्यांची माहिती जोडपोस्टकार्डाने मागवायची. उत्तराला अर्धं कार्ड असायचं, पण काही वक्ते त्यातही मुंगीएवढ्या अक्षरांत साऱ्या पदव्या आणि सारी पदं बसवायचे. आप्पा त्यातल्या तीनच गोष्टी उचलायचे: माणूस काय करतो, आजच्या विषयाशी त्याचा संबंध काय, आणि नाव. नाव अगदी शेवटी, म्हणजे टाळी नावावर पडते. सगळं मिळून एका मिनिटात. “यांना परिचयाची गरज नाही,” असं म्हणून पुढे दहा मिनिटं परिचय करून देणारे निवेदक शेजारच्या चाळीत होते. आमच्या घरात ते वाक्य वर्ज्य होतं. व्याख्यानाचा विषयही उलगडायचा नाही. “ते पाहुण्यांचं ताट आहे, आपण उष्टं करायचं नाही,” काका म्हणायचे.

पण घराची खरी इस्टेट म्हणजे खिंडीचे कागद. तबला सुरात येईना, पडदा अडकला, पाहुणे पोचले नाहीत, तर खिंड लढवायची ती यांच्या जोरावर. ते रबर लावून वेगळे ठेवलेले असत. त्यांचा एकच कायदा होता: मजकूर कुठेही तोडता आला पाहिजे. म्हणून गोष्ट नको, लांबलचक विनोद तर नकोच. शेवटच्या वाक्याआधीच पडदा उघडला तर लोक आपल्याकडे बघत राहतात आणि गाणारी ताटकळते. याद्या उत्तम. देणगीदारांची नावं, उद्याचा कार्यक्रम, सापडलेली चप्पल, हरवलेली छत्री. त्याहून उत्तम मुलांची कोडी. दोन ओळींत प्रश्न, आणि मध्येच थांबावं लागलं तर उत्तर पुढच्या खिंडीला शिल्लक.

एका वर्षी पावसाने लोकल अडकल्या आणि व्याख्याते वेळेवर येईनात. आप्पांनी पहिल्यांदा खरं सांगून टाकलं: “पाहुणे निघाले आहेत, गाडी थांबली आहे. अर्धा तास लागेल असं धरून चालू.” हे एकदाच. दर पाच मिनिटांनी माफी मागितली की लोकांना उशिराची आठवण होते आणि ते उठतात. मग देणगीदार झाले. मग उद्याच्या संगीत खुर्चीचे नियम. मग कोडी, आणि उत्तर येईल तो मुलगा स्टेजवर. शेवटी बक्षीस समारंभ उद्याचा आजच उरकला. बक्षिसं, म्हणजे स्टीलच्या वाट्या, आमच्याच पलंगाखाली होत्या. त्या आणायला धाकट्याला जिन्यावरून पळवलं.

परिचयाचं कार्ड मात्र आप्पांनी खिशातून काढलं नाही. पाहुणा समोर नसताना परिचय वाचला की तो आल्यावर वाचायला काही उरत नाही. विंगेतून काकांनी रुमाल दोनदा हलवला, म्हणजे पाहुणे आले. पण लगेच रुमाल खांद्यावर टाकला, म्हणजे भिजलेत, चहा चालू आहे. आप्पांनी आणखी दोन वाट्या वाटल्या. तिसऱ्या मुलाचं नाव अर्ध्यावर होतं तेव्हा रुमाल खाली गेला. नाव पूर्ण केलं, वाटी दिली, आणि पुढच्याच श्वासात परिचय सुरू.

हे कसब भाषेचं कमी आणि कानाचं जास्त होतं. तबल्यावर हातोडीची ठकठक चालू आहे तोवर बोलायचं. ठकठक थांबून तंबोऱ्याचा षड्ज भरला की चालू वाक्यालाच पूर्णविराम. सुंदर वाक्य तयार असलं तरी गिळायचं. आमच्या घरात अशी गिळलेली वाक्यं जेवणाच्या पानावर बाहेर पडायची आणि आई म्हणायची, “आता मला कशाला ऐकवताय, भात निवतोय.”

आभाराचं कार्ड सर्वांत आधी लिहून व्हायचं, कारण ऐन वेळी नावं सुटतात. अध्यक्ष सुटले तरी घरी जाऊन समजूत घालता यायची. म्हणून पहिल्या ओळीवर कायम माइकवाला. तो चिडला तर बाकीचे आभार कुणालाच ऐकू गेले नसते.