कढईच्या बुडाचे दोन काळे

भांडी घासणाऱ्याला बुडाचे सगळे काळे एकच वाटते. वास्तविक ते दोन जातींचे असते, आणि जात न ओळखता घासत राहिले तर बोटांची सालपटे निघतात, काळे मात्र तिथेच राहते.

ओळखण्यास कोरडे बोट पुरे. बोट फिरवताच काळे झाले तर ती काजळी. आमच्या गडमुडशिंगीत चुली होत्या तेव्हा चिपाडाच्या आणि ओल्या लाकडाच्या धुराने तीच बुडाला धरे. भांडे चुलीवर चढवण्याआधी आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सारे आक्का म्हणत असू, त्याच्या बुडाला राख-मातीचा पातळ लेप देत. काजळी लेपावर बसे आणि धुताना लेपासकट निघून जाई. आज गॅसवर काजळी धरू लागली तर दोष भांड्याचा नसतो. ज्योत निळी न राहता पिवळी जळते, म्हणजे बर्नरची छिद्रे तुंबली आहेत किंवा हवा कमी पडते आहे. अशा वेळी आधी बर्नर साफ करावा.

बोटाला काही लागले नाही आणि नखाला टणक, चकचकीत कवच लागले, तर ते जळालेले तेल समजावे. तळणीचे तेल काठावरून ओघळते, धुताना बाहेरची बाजू घाईत राहून जाते आणि पुढच्या आचेवर तो ओघळ भाजला जातो. तापलेल्या तेलाचे कण एकमेकांत गुंतून रोगणासारखा पापुद्रा तयार होतो आणि पुन्हा पुन्हा तापून त्याचा कोळसा होतो. ते आता तेल राहिलेले नसते, म्हणून साबण त्याला सोडवू शकत नाही. चिंच-लिंबाचाही येथे उपयोग नाही. आंबटाने पितळ-तांब्यावरचा डाग जातो, कोळसा जात नाही. राख मात्र थोडी कामी येई, कारण ती घासते आणि तिच्यात क्षारही असतो.

आक्कांच्या लग्नातली लोखंडी कढई गेल्या दिवाळीआधी भंगारात निघाली होती. बाहेरून खवल्यांवर खवले चढलेले. तळताना त्यांतले तुकडे बर्नरवर पडत. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, “वजनावर देऊन टाकूया, नवी येईल.” मी एक दिवस मागून घेतला.

आपल्या दुकानात किलोवर विकला जाणारा धुण्याचा सोडा घेतला. खाण्याचा सोडा यासाठी फार सौम्य पडतो. कढई बुडेल एवढ्या मोठ्या स्टीलच्या पातेल्यात पाणी घेऊन लिटरला साधारण दोन मोठे चमचे सोडा विरघळवला, कढई आत सोडली आणि मंद उकळी येऊ दिली. पुष्कळ जणी अशी भांडी रात्रभर भिजत ठेवायला सांगतात. आपल्या घरांत खरकटे पाणी रात्रभर ठेवणे बसत नाही आणि त्याची गरजही नाही, कारण येथे खरे काम उष्णता करते. पाऊण तासात पाणी तपकिरी झाले आणि कवचाच्या कडा फुगून सुटू लागल्या. हीच खूण. खवले अजून टणक लागले तर आणखी उकळावे, जोर लावू नये. हे पाणी डोळ्यांत किंवा हातावर उडू देऊ नये. मी हातमोजे घालून, सांडशीने कढई बाहेर काढली आणि गरम असतानाच बोथट उलथण्याने खरवडली. जाड थर पापुद्र्यांनी निघाला. कानांच्या रिव्हेटांपाशी राहिला, तिथे दुसऱ्यांदा उकळावे लागले.

शेवटचा पातळ, घट्ट काळा हात मी मुद्दाम ठेवला. तो लोखंडाला गंजापासून वाचवतो. जिथे उघडे लोखंड दिसू लागले तिथे तासाभरात तांबूस झाक येते, म्हणून कढई धुऊन लगेच आचेवर कोरडी केली आणि तेलाचे बोट फिरवले, पुसून निघेल इतकेच. जास्त तेल राहिले तर पुन्हा तेच कवच!

हा उपाय अ‍ॅल्युमिनियमच्या, म्हणजे आपण ज्यांना जर्मनची म्हणतो त्या भांड्यांना कधीही करू नये. सोडा तो धातूच खातो. भांड्याभोवती बारीक बुडबुडे सुटतात आणि पृष्ठभाग काळवंडून खडबडीत होतो. लोहचुंबक चिकटला नाही आणि भांडे आकाराच्या मानाने हलके लागले, तर सोडा दूर ठेवावा. तिथे गरम साबणपाणी, लाकडी पट्टी आणि बारीक राख. निघेल तेवढे काढावे, उरलेल्याशी भांडू नये. त्या भांड्यांचे काठ तळण झाल्यावर कोमट असतानाच पुसून घेणे हाच खरा उपाय.

कढई जाऊबाईंनी हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि बुडाशी कोरलेले आक्कांचे नाव वाचले. ते तिथे आहे हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हते.