राखेचा बुधवार आणि आमची मावशी

मी मूळची बेळगावची, लग्नानंतर गोव्यात म्हापशाजवळच्या गावात आले, त्याला आता वीस वर्षं झाली. इथे आमच्या भिंतीला भिंत लागून एक कॅथलिक कुटुंब राहतं. त्या घरातल्या सत्तरीच्या बाईंना मी पहिल्या दिवसापासून मावशी म्हणते.

2023 च्या दिवाळीनंतर माझे बाबा गेले. मी बेळगावला पोचले तेव्हा अंत्यसंस्कार होऊन गेले होते. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करायला भाऊ आणि काका गेले. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत, म्हणून मी घरीच थांबले. रक्षाविसर्जन झाल्याचंही फोनवरच कळलं. मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण बाबांची चिमूटभर राखही आपल्या हाताला लागली नाही, हे मनात राहिलं.

पुढच्या फेब्रुवारीत मावशी म्हणाली, "बुधवारी गोबराचो बुधवार. चल माझ्याबरोबर." लग्न होऊन आले तेव्हा हे नाव ऐकून मी दचकले होते. आपला गोबर म्हणजे शेण! कोकणीत गोबर म्हणजे राख. वसईकडचे मराठी ख्रिस्ती लोक सरळ राखेचा बुधवार म्हणतात. त्या वर्षी तो 14 फेब्रुवारीला होता. आदल्या दिवसापर्यंत कार्निव्हलचा, म्हणजे इंत्रूजचा, दंगा चालू होता.

मी म्हटलं, "मावशी, आमचं वर्ष सरलेलं नाही, सणाला कशी येऊ?" ती म्हणाली, "हा सण न्हय गो. ह्या दिवशी सगळ्यांचंच सुतक."

सासूबाईंना विचारलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "कपाळाला अंगारा लावतोच की आपण. जा."

त्या दिवशी पाहिलं आणि मावशीला विचारून विचारून समजून घेतलं, ते लिहिते. इथे अनेकांना शेजाऱ्यांकडून बोलावणं येतं आणि जावं की नाही ते कळत नाही.

आधी राखेविषयी. ही चुलीतली राख नसते. ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये झावळ्या आशीर्वादित करून घरी देतात. आमच्याकडे माडाच्या पातीचे विणलेले छोटे क्रूस असतात, ते वर्षभर देवाच्या फोटोमागे खोचून ठेवतात. राखेच्या बुधवारच्या आधी हे वाळलेले क्रूस चर्चमध्ये परत गोळा होतात आणि तेच जाळून राख करतात. म्हणजे गेल्या वर्षी ज्या हिरव्या पातीने जयजयकार केला, तिचीच यंदा राख.

राख करण्यातही खुबी आहे. चर्चची तयारी बघणारे काका सांगत होते की आग फार भडकली तर पाती पांढरीफट्ट जळतात आणि ती राख कपाळावर दिसतच नाही. जरा दडपून जाळलं की काळी भुकटी मिळते. ती बारीक चाळणीने चाळायची. राखेत पाणी घालताना जपावं लागतं, कारण राखेचं पाणी खारासारखं तिखट होतं आणि कातडी चुरचुरते. आपल्या आज्या राखेने भांडी उगाच घासत नव्हत्या! म्हणून ते काका कोरडीच ठेवतात किंवा एखादा थेंब तेल घालतात.

मिस्सा संध्याकाळची होती. आम्ही पंधरा मिनिटं आधी जाऊन मागच्या बाकावर बसलो. फादरांच्या अंगावर जांभळा झगा होता. बायबलमधली वाचनं झाली, फादरांचं प्रवचन झालं आणि मग राखेला आशीर्वाद देऊन रांग सुरू झाली. मावशी उठली. मी तशीच बसून राहिले.

"ये," ती म्हणाली.

"मी बाप्तिस्मा घेतलेला नाही."

"राख सगळ्यांक. पोरांक, म्हाताऱ्यांक, तुका पण."

हे तिचं मनचं नव्हतं. राख हा संस्कार नाही, नुसती आशीर्वादाची खूण आहे. चर्चच्या कायद्यातलं 1170वं कलम सांगतं की असे आशीर्वाद मुख्यतः कॅथलिकांसाठी असले तरी इतरांनाही देता येतात. राख देताना बाप्तिस्म्याचं विचारत नाहीत, कबुलीजबाब दिला की नाही तेही नाही. आणि घेतलीच पाहिजे असंही नाही. बाकावर बसून राहिलं तरी कुणाला राग येत नाही.

माझी पाळी आली. फादरांनी अंगठा राखेत बुडवून कपाळावर क्रूस काढला आणि कोकणीत म्हणाले, त्याचा अर्थ असा की तू माती आहेस आणि परत मातीलाच मिळणार आहेस, हे ध्यानात ठेव. काही फादर त्याऐवजी पश्चात्ताप कर, शुभवार्तेवर विश्वास ठेव, अशा अर्थाचं वाक्य म्हणतात. दोन्ही चालतात. मला पहिलं मिळालं. थोडी भुकटी नाकावर पडली, मी ती बोटाने टिपली आणि ते बोट तसंच मुठीत धरून बाकावर आले. तिथे मला रडू आलं. मावशीने नुसता हात धरला.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. थोड्या वेळाने दुसरी रांग लागते, ती ख्रिस्तप्रसादाची. त्या रांगेत आपण जायचं नाही. गोल पांढरी चकती आपल्या देवळातल्या प्रसादासारखी वाटते, पण त्यांच्या श्रद्धेनुसार ते प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर आहे आणि ते त्यांच्या संस्कारात सामील असलेल्यांनीच घ्यायचं असतं. मी राखेच्या रांगेसारखी उठून निघालेच होते, मावशीने पदर ओढून बसवलं. ओळखायची सोपी खूण म्हणजे प्रवचनानंतरची रांग राखेची आणि वेदीवरची लांब प्रार्थना झाल्यानंतरची रांग प्रसादाची.

बाकी फार काही नाही. खांदे झाकणारे साधे कपडे घालावेत. सगळे उभे राहिले की उभं राहावं. गुडघे टेकायची सक्ती नाही, बसलं तरी चालतं. फोटो काढू नयेत. दानाची पेटी फिरते, त्यात टाकणं आपल्या खुशीवर.

घरी येताना मी विचारलं, राख कधी पुसायची? मावशी हसली. त्या दिवशीच्या वाचनात येशू सांगतो की उपास करताना सुतकी तोंड करून लोकांना दाखवू नका, उलट तोंड धुवा. म्हणून ती घरी येऊन लगेच तोंड धुते. काहीजण रात्रीपर्यंत ठेवतात. दोन्ही चालतं.

या दिवसापासून ईस्टरपर्यंतचा काळ म्हणजे करेजम. मधले रविवार वगळले की चाळीस दिवस भरतात. राखेच्या बुधवारी 18 ते 59 वयाच्यांनी एकदाच पोटभर जेवायचं, फार तर दोनदा थोडंसं खायचं, आणि 14 वर्षांपासून पुढे सगळ्यांनी मांस वर्ज्य. मासे चालतात, हे ऐकून आमच्या सासूबाईंना फार गंमत वाटली. मावशीला वयामुळे उपासाची सूट आहे, तरी ती त्या दिवशी पेजेवर राहते.

त्या रात्री मी कपाळ धुतलं नाही. सकाळी उशीच्या अभ्र्यावर काळा डाग होता. आधी बेळगावला भावाला फोन केला आणि त्या तिसऱ्या दिवशी स्मशानात काय काय झालं ते पहिल्यांदाच सविस्तर विचारलं. अभ्रा मग दुपारी धुतला.