सारांशासाठी मजकूर हवा

न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉयमध्ये मी दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी वाचनसाहित्य तयार करून देतो. मध्यंतरी अल्पदृष्टी असलेल्या एका विद्यार्थिनीने आपल्या विभागाला पत्र लिहिलं. दर आठवड्याला एका प्रकरणाचा सारांश लिहायचा होता आणि प्रकरणं स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये होती. तिने लिहिलं, ‘पान चौपट मोठं केलं की मला अक्षरं दिसतात, पण ओळ पडद्याबाहेर जाते. मला मजकूर हवा, शीर्षकं आणि छापील पानांचे क्रमांक राखून. प्रकरणांची यादी दोन आठवडे आधी मिळावी.’

डोळ्यांच्या आजाराचं नाव पत्रात नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती. इथे वैद्यकीय कागद अपंग-सेवा कार्यालय पाहतं; प्राध्यापकांना फक्त कोणती सोय करायची तेवढं कळवलं जातं. त्यामागे 1973 चा पुनर्वसन कायदा आणि 1990 चा अपंगत्व कायदा आहे.

विभागाने तत्परतेने फाइल ओसीआरमधून काढून पाठवली. आता तीत शब्द शोधता येत होता, पण वाचता येत नव्हतं. मूळ पान दोन स्तंभांचं होतं. यंत्राने डावीकडची अर्धी ओळ उजवीकडच्या ओळीला जोडली होती. तळटीप वाक्याच्या मधोमध घुसली होती. इंग्रजीत आर आणि एन शेजारी आले की ते एमसारखे दिसतात, म्हणून ‘मॉडर्न’चं ‘मोडेम’ झालं होतं. दोन्ही शब्द कोशात असल्यामुळे स्पेलिंग तपासणीत ही चूक सापडत नाही; माणसालाच ती वाचून काढावी लागते.

मी स्तंभांचा क्रम लावला, तळटिपा प्रकरणाच्या शेवटी नेल्या आणि शीर्षकांना वर्डमधली शीर्षक-शैली दिली. नुसतं ठळक केलेलं शीर्षक स्क्रीन रीडरला साधा परिच्छेदच वाटतं. शैली दिली, की एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये `H` दाबून एका शीर्षकावरून पुढच्यावर जाता येतं. सारांश लिहिणाऱ्याला हेच लागतं, कारण तो प्रकरण एकदा सलग वाचून थांबत नाही. मुद्दा कुठे मांडला आणि कुठे सोडला, हे बघायला मागेपुढे जातो. पानांचे क्रमांक राखले नाहीत, तर त्याला संदर्भ देता येत नाही.

भारतात असा मजकूर तयार करायचा म्हटलं, की प्रताधिकाराची अडचण पुढे केली जाते. पण 2012 च्या दुरुस्तीने अपंग वाचकांसाठी सुलभ प्रत तयार करायला मुभा दिली आहे. मराठीची खरी अडचण जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांची आहे. पान डोळ्यांना शुद्ध मराठी दिसतं, पण आतून निघतात रोमन अक्षरं आणि चिन्हं.

प्राध्यापकांनी नोट्स पाठवण्यापूर्वी एक परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. तिथे तो सरळ वाचता आला नाही, तर ती फाइल विद्यार्थ्याला पाठवू नये.